दोन सोलर कोटेशनं, वर्षाचे युनिट आणि वसुली: हिशोब तपासून द्याल का?

कापडवाला

नमस्कार मंडळी. दुकानाच्या छतावर सोलर बसवायचं नक्की झालंय, आता फक्त कोणाकडून एवढंच ठरायचं आहे. दोन कोटेशनं आली आहेत. पहिल्यात साडेतीन वर्षांत पैसे वसूल असं लिहिलंय, दुसऱ्यात साडेचार वर्षांच्या थोडं वर. घरच्यांचं म्हणणं, एवढा सरळ फरक असताना विचार कसला करायचा? पण मी दोन्ही कागद शेजारी ठेवून स्वतः हिशोब मांडला तेव्हा चित्र वेगळंच दिसायला लागलं. ते टिपण खाली देतोय. कुठे चुकत असेल तर सांगा.

आधी एक खुलासा. मी रक्कम पैशांत लिहिलेली नाही, युनिटांत लिहिली आहे. म्हणजे कोटेशनच्या एकूण रकमेला माझ्या एका युनिटच्या दराने भागलं. प्रत्येकाचा दर वेगळा असतो, त्यामुळे हा हिशोब दुसऱ्या कोणाला वापरायचा असला तरी सोपा जाईल. दर काढताना बिलाच्या रकमेला युनिटांनी सरळ भागलेलं नाही. बिलातला स्थिर आकार सोलर लावलं तरी भरावाच लागणार, म्हणून तो बाजूला काढला आणि एक युनिट कमी जळल्यावर खरोखर जेवढे वाचतात तेवढाच दर धरला.

पहिलं कोटेशन: ५५० वॅटचे १८ पॅनल, म्हणजे ९.९ किलोवॅट. इन्व्हर्टर ८ किलोवॅटचा. वर्षाला १५,८४० युनिट मिळतील असा दावा. किंमत ६०,००० युनिटांएवढी.

दुसरं कोटेशन: ५७५ वॅटचे १४ पॅनल, म्हणजे ८.०५ किलोवॅट. इन्व्हर्टर ८ किलोवॅटचाच. वर्षाला ११,१९० युनिट. किंमत ५२,००० युनिटांएवढी. सोबत महिनावार तक्ता आहे आणि सावलीचा तोटा वेगळा दाखवलाय.

सगळ्यात आधी मी युनिटांना किलोवॅटनी भागलं. पहिल्याचे एका किलोवॅटमागे वर्षाला १,६०० येतात, दुसऱ्याचे १,३९०. छत एक, ऊन एक, पॅनलचा कल आणि दिशाही जवळजवळ एकच. मग किलोवॅटमागे २१० युनिटांचा फरक आला कुठून? PVGIS या सोलरचं उत्पन्न काढून देणाऱ्या संकेतस्थळावर नकाशात माझं छत शोधून १ किलोवॅट, तोटा १४ टक्के आणि दोघांनी दिलेला कल टाकला, तर १,४२५ आले. दुसऱ्याने त्यातून सावलीचे अडीच टक्के कापले असावेत असं दिसतं. पहिल्याचे १,६०० कसे आले ते मला कळलेलं नाही.

दुसरी गोष्ट जागेची. छताच्या पश्चिमेला जिन्याची खोली आहे. पहिल्याने तिला लागून चार पॅनल जास्तीचे बसवलेत, दुसऱ्याने ती जागा मोकळी सोडली आहे. मी छतावर दोन, तीन आणि चार वाजता सावलीच्या कडेने खडूने रेघा मारल्या. अडीचनंतर ते चारही पॅनल सावलीत जातात. म्हणून त्या चारांचं उत्पन्न मी चौथाईने कमी धरलं. पहिल्याचे चांगले १४ पॅनल १,३९० च्या हिशोबाने १०,७०० युनिट देतील, सावलीतले चार जेमतेम २,३००. एकूण १३,०००. दुसऱ्याचे ११,१९० तसेच ठेवले.

यानुसार पहिल्याची वसुली ४.६ वर्षं येते आणि दुसऱ्याचीही ४.६ च. म्हणजे दोन्ही सारखेच की काय? इथे मी अडलोय.

छतावरून

दादा, मांडणी छान आहे. युनिटांत रक्कम लिहायची कल्पना मी उचलणार.

पण पहिल्या कोटेशनमध्ये सगळ्यात मोठी गोम तुमच्या नजरेतून सुटली. पॅनल ९.९ किलोवॅटचे आणि इन्व्हर्टर ८ चा! म्हणजे १.९ किलोवॅट इन्व्हर्टरमध्ये शिरणारच नाहीत. तुम्ही पैसे ९.९ चे देणार आणि वापरणार ८. सरळ ८ किलोवॅट धरून हिशोब करा, पहिला आपोआप बाद होतो.

मीटरखोली

छतावरून, इन्व्हर्टर ८ च्या वर देणार नाही हे खरं आहे, पण त्यातून तोटा १.९ किलोवॅटचा होत नाही. ५५० वॅट हा आकडा प्रयोगशाळेतला: चौरस मीटरला १,००० वॅट ऊन आणि सेल २५ अंशांवर असताना. छतावर उन्हात सेल ५५-६० अंशांपर्यंत सहज तापतात आणि दर अंशाला साधारण ०.३५ टक्के शक्ती घटते. म्हणजे ऐन दुपारी तापमानापायीच दहा-बारा टक्के जातात. वर धूळ, वायर, इन्व्हर्टरचा स्वतःचा तोटा आहेच. तुमचे ९.९ किलोवॅट चांगल्या उन्हात सातआठच्या आसपास राहतात. हवा थंड, आकाश स्वच्छ आणि पॅनल नुकतेच धुतलेले, अशा थोड्याच दुपारी तो ८ वर अडेल. वर्षभरात याचा तोटा टक्का-दीड टक्क्याच्या घरात राहावा. त्यात कापडवाल्यांचे चार पॅनल अडीचनंतर सावलीत, म्हणजे आणखी कमी.

इन्व्हर्टर पॅनलपेक्षा लहान ठेवणं ही नेहमीची पद्धत आहे, त्यात फसवणूक नाही. हां, पुढे पॅनल वाढवायचे असतील तर जागा उरत नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता १,६०० चं कोडं. PVGIS च्या निकालात तुमच्या पॅनलच्या प्रतलावर वर्षभरात पडणारं ऊन वेगळं दाखवतात. तो आकडा किती आला? आणि खाली `Total loss` मध्ये काय आहे?

कापडवाला

ऊन १,८०० दाखवतंय. `Total loss` उणे २०.८ टक्के.

मी तोटा १४ च टाकला होता, मग २०.८ कसा?

मीटरखोली

ते १४ टक्के म्हणजे वायर, इन्व्हर्टर, धूळ वगैरे, जे आपण स्वतः टाकतो. तापमान आणि तिरक्या उन्हाचा तोटा ते संकेतस्थळ स्वतः काढून त्यात मिळवतं. म्हणून २०.८. आणि १,८०० मधून तेवढे वजा केले की तुमचे १,४२५ येतात.

आता पहिल्याचे १,६०० भागिले १,८००. म्हणजे ८९ टक्के. त्यांच्या मते ऊन ते मीटर या सगळ्या प्रवासात फक्त ११ टक्के गळती. नुसतं तापमान आणि इन्व्हर्टर धरले तरी एवढं जातं. मग धुळीला, वायरला आणि तुमच्या जिन्याच्या खोलीला काही उरतच नाही. चांगल्या बसवलेल्या सिस्टिमचं हे प्रमाण ७५ ते ८० टक्क्यांच्या आसपास असतं, थंड प्रदेशात थोडं वर. ८९ लिहिणाऱ्याने बहुतेक ठोकताळा वापरला असणार. कोणतंही कोटेशन आलं की हा एक भागाकार आधी करावा, दोन मिनिटांत कळतं.

एक गोष्ट तपासा. PVGIS मध्ये दिशेच्या रकान्यात दक्षिण म्हणजे ०. PVWatts या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर मात्र दक्षिण म्हणजे १८०. एकाची सवय असलेला माणूस दुसऱ्यात तोच आकडा टाकतो आणि पॅनल उत्तरेकडे तोंड करून बसतात. तुमचा आकडा बघता तुम्ही बरोबर टाकलेलं दिसतंय.

शिवाय PVGIS दूरच्या डोंगरांची सावली धरतं, शेजारची इमारत किंवा जिन्याची खोली नाही. ते काम तुमच्या खडूचंच.

सुमन_ताई

मला जरा वेगळं विचारायचंय. आमच्याकडे दिवसा वीज सारखी जाते. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. यातलं कोणतं कोटेशन घेतलं तर वीज गेल्यावर मशीन चालू राहील? दुसरं महाग वाटतंय, त्यात बॅटरी असेल का?

कापडवाला

ताई, दोन्हींत बॅटरी नाही. दुसरं एकूण रकमेत उलट स्वस्त आहे, फक्त एका किलोवॅटमागे थोडं महाग पडतं.

मीटरखोली

सुमनताई, असा साधा इन्व्हर्टर लाईनवर वीज असेल तरच चालतो. लाईन गेली की तो मुद्दाम बंद होतो, नाहीतर दुरुस्तीला खांबावर चढलेल्या माणसाला छतावरून येणाऱ्या विजेचा धक्का बसेल. भर उन्हातही मशीन बंदच राहील. तुम्हाला बॅटरीवाला हायब्रीड इन्व्हर्टर लागेल. त्याचा हिशोब वसुलीवर करू नका. मशीन बंद राहिल्यामुळे तुमचं किती काम जातं त्यावर करा.

कापडवाले, यातला एक धागा तुमच्याही उपयोगाचा आहे. दुपारी रोज अर्धा तास वीज जात असेल, तर त्या अर्ध्या तासाचे अडीच-एक युनिट गेले. दिवसाला तीस युनिट धरले तर ते आठ टक्के होतात. कोणत्याही कोटेशनमध्ये हा तोटा नसतो. तुमच्याकडे जाते का?

कापडवाला

नाही, दिवसा क्वचितच. संध्याकाळी कधीतरी जाते.

आकडेमोड

मीटरखोलींनी युनिटांचं चोख सांगितलं. पण कापडवाले, तुम्ही अडलात ते पुढच्या पायरीवर. तुम्ही तयार होणारा प्रत्येक युनिट पूर्ण दराचा धरलाय. दुकान बंद असलेल्या दिवशी काय होतं? भर दुपारी ३५ युनिट तयार होतात आणि आत वीजच जळत नाही. ते युनिट लाईनवर जाणार. त्यांचे तुम्हाला किती मिळतात, वसुली त्यावर ठरते.

तीन गोष्टी सांगा. वर्षाचा एकूण वापर किती, त्यातला उन्हाच्या वेळेतला किती, आणि बाहेर गेलेल्या युनिटचा हिशोब कसा होतो: वापरलेल्या युनिटांतून सरळ वजा, की वेगळ्या दराने?

कापडवाला

वेगळ्या दराने. माझ्या दराच्या ३५ टक्के मिळतात.

वर्षाचा वापर १२,६०० युनिट. उन्हाच्या वेळेतला वापर काढायला मी सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला मीटरचे आकडे लिहीत होतो. दुकान उघडं असताना त्या वेळात २६ युनिट जळतात. त्यात दुकानातला एसी आणि वरच्या शिवणखोलीतली यंत्रं मुख्य. बंद दिवशी चारच युनिट. दुकान वर्षात साधारण ३०५ दिवस उघडं असतं. आमची रोषणाई सगळी संध्याकाळची, वाफेची इस्त्रीसुद्धा सहानंतर चालते.

आकडेमोड

मग बघा. २६ पैकी सगळे सोलरवर जाणार नाहीत. सकाळी नऊला पॅनल अजून रांगत असतात, पाचला मावळत आलेले, शिवाय ढगाळ दिवस असतात. दुसऱ्या कोटेशनसाठी उघड्या दिवशी २२ युनिट स्वतः वापरले असं धरू, पहिल्याचे पॅनल जास्त म्हणून २३.

दुसऱ्याचे: उघड्या दिवसांचे ६,७१० आणि बंद दिवसांचे २४०, मिळून ६,९५० युनिट घरात वापरले. राहिलेले ४,२४० बाहेर गेले, त्यांची किंमत ३५ टक्क्यांनी १,४८४ युनिटांएवढी. एकूण लाभ ८,४३४. वसुली ५२,००० भागिले ८,४३४, म्हणजे ६.२ वर्षं.

पहिल्याचे: ७,२५५ घरात. ५,७४५ बाहेर, त्यांची किंमत २,०११. एकूण ९,२६६. वसुली ६०,००० भागिले ९,२६६, म्हणजे ६.५ वर्षं.

म्हणजे कागदावर साडेतीन आणि साडेचार होते ते ६.५ आणि ६.२ झाले. क्रमसुद्धा उलटला. दुसऱ्याने युनिट प्रामाणिकपणे काढलेत, पण सगळे युनिट पूर्ण दराचे धरलेत. पहिल्याने दोन्ही बाजूंनी फुगवलंय आणि शिवाय वीजदर दर वर्षी पाच टक्के वाढेल असंही धरलेलं दिसतं. १५,८४० युनिट आणि पाच टक्के वाढ घेतली की बरोबर साडेतीन वर्षं येतात, मी करून पाहिलं.

छतावरून

इन्व्हर्टरचं पटलं, मीटरखोली. पण आकडेमोड, वीजदर वाढणारच ना? तो न धरणं हाही एक प्रकारे चुकीचाच हिशोब झाला. पाच टक्के धरा की.

आकडेमोड

धरून बघितलं. पाच टक्क्यांनी दुसऱ्याची ६.२ ऐवजी ५.५ वर्षं होतात, पहिल्याची ६.५ ऐवजी ५.७. दोघांनाही सारखाच फायदा मिळतो, त्यामुळे निवड करताना उपयोग नाही. माझा आक्षेप एवढाच की एकाच्या कागदात वाढ धरलेली आणि दुसऱ्याच्या नाही, अशी तुलना होऊ शकत नाही. शिवाय बाहेर जाणाऱ्या युनिटचा दर वाढेलच असं नाही. तो घटूही शकतो.

छतावरून

माझ्याकडे मात्र बाहेर गेलेले युनिट वापरातून सरळ वजा होतात. त्यामुळे मी पूर्ण दर धरला आणि माझी वसुली वेळेत चाललीय. तेव्हा ३५ टक्क्यांचा हा बाऊ सगळ्यांना लागू नाही.

आकडेमोड

अगदी. सरळ वजावट असती तर कापडवाल्यांचा हिशोबही बदलला असता. पण तेव्हाही पहिल्याच्या १३,००० पैकी १२,६०० च कामाचे, कारण वर्षाचा वापरच तेवढा. वसुली ४.८ आली असती, दुसऱ्याची ४.६. दोन्ही पद्धतींत दुसरा किंचित पुढे.

मीटरखोली

किंचितच. हे अधोरेखित करतो. ६.२ आणि ६.५ मध्ये पाच टक्क्यांचं अंतर आहे. ऊनच एका वर्षाहून दुसऱ्या वर्षी तीन-चार टक्के इकडेतिकडे होतं. PVGIS च्या निकालात त्याचीही ओळ असते. शिवाय पॅनल पहिल्या वर्षी टक्का-दोन टक्के आणि पुढे दर वर्षी अर्धा टक्का उतरतात. त्यामुळे एवढ्या फरकावर कोणाला नापास करू नका.

मी असतो तर प्रश्न वेगळा विचारला असता: वाढीव पैशांतून वाढीव काय मिळतंय? पहिला ८,००० युनिटांनी महाग आहे आणि वर्षाला ८,४३४ ऐवजी ९,२६६ देतो. म्हणजे ८३२ जास्त. ते ८,००० वसूल व्हायला साडेनऊ वर्षं. सावलीतले चार पॅनल विकत घ्यायचे की नाही, हा खरा प्रश्न असा आहे. सरासरीत तो लपून जातो.

सुमन_ताई

सावलीचा चौथा हिस्सा तुम्ही नुसता अंदाजाने धरलात ना? ती सावली हिवाळ्यात लांब पडते, उन्हाळ्यात आखूड. एका दिवसाच्या खडूवर विश्वास कसा ठेवायचा?

मीटरखोली

ताई, नेमका प्रश्न. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना सावली वस्तूच्या उंचीच्या पावणेदोनपट पडते, २० अंशांवर पावणेतीनपट. हिवाळ्यात सूर्य त्या उंचीवर लवकर उतरतो, म्हणून तेव्हा सावली लवकर येते आणि दूरवर जाते. खडूच्या रेघा वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या आसपास मारलेल्या चांगल्या. नाहीतर फोनवर सूर्याचा मार्ग दाखवणारी अॅप असतात, त्यात तारीख बदलून बघता येतं.

पण इथे एक गंमत आहे. चौथाईच्या जागी तोटा वीस किंवा तीस टक्के निघाला, तरी चार पॅनलवर वर्षाला दीडशे युनिटांचा फरक. ते दुपारचे जादा युनिट, बहुतेक बाहेरच जाणार, म्हणजे किंमत पन्नासेक युनिटांची. कापडवाल्यांच्या निर्णयावर त्याने ओरखडाही पडत नाही. म्हणून त्यात जास्त वेळ घालवू नका.

वेळ घालवायचा तो जोडणीवर. ते चार पॅनल कोणत्या पॅनलांसोबत एका तारेत ओवलेत, हे पहिल्याला विचारा. चांगल्यांसोबत ओवले तर प्रत्येक पॅनलमधले बायपास डायोड बरंच सांभाळून घेतात, पण थोडा ताण बाकीच्यांवर येतोच. चारांची वेगळी तार करून इन्व्हर्टरच्या दुसऱ्या दारात दिली तर चार पॅनलचा व्होल्टेज साधारण १६५ येतो आणि बऱ्याच थ्री-फेज इन्व्हर्टरना सुरू व्हायलाच त्याहून जास्त लागतो. इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात सुरुवातीचा व्होल्टेज लिहिलेला असतो. ते न बघता कोणी “वेगळी तार करून देतो” म्हणालं, तर त्याने माहितीपत्रक वाचलेलं नाही.

आकडेमोड

कापडवाले, तुमच्या संध्याकाळच्या इस्त्रीकडे परत येतो. तिला किती वीज लागते?

कापडवाला

दोन किलोवॅटची आहे. तापली की बंद-चालू होत राहते. दीड-दोन तासांत तीन युनिट जातात. ऑर्डरचे कपडे संध्याकाळी न्यायला येतात म्हणून सहानंतर सगळं एकदम करतो.

आकडेमोड

तेच काम दुपारी बारा ते दोनमध्ये केलं तर? ३०५ दिवसांचे ९१५ युनिट बाहेर जाण्याऐवजी घरात वापरले जातील. प्रत्येकामागे ३५ टक्क्यांऐवजी पूर्ण किंमत, म्हणजे ६५ टक्क्यांचा फायदा. वर्षाला जवळजवळ ५९५ युनिटांएवढा. दुसऱ्या कोटेशनचा लाभ ९,०२९ होतो आणि वसुली ५.८ वर्षांवर येते. चार जादा पॅनल ८,००० खर्चून ८३२ देत होते. इथे खर्च काहीच नाही.

कापडवाला

हे कारागिराशी बोलून बघतो. सगळे कपडे दुपारी तयार नसतात, पण निम्म्याहून जास्त असतात.

मग उलट दिशेने विचार आला. जादा युनिट एवढे स्वस्तात जात असतील तर पॅनल अजून कमी करावेत का? दुसऱ्याला दहा पॅनलचं कोटेशन मागितलं. ५.७५ किलोवॅट, किंमत ४०,००० युनिटांएवढी. मी तुमच्याच पद्धतीने काढलं: वर्षाला ७,९९३ युनिट, उघड्या दिवशी १८.५ घरात धरले तर घरातला वापर ५,८८३, बाकीचे ३५ टक्क्यांनी ७३९. एकूण ६,६२२. वसुली ६ वर्षं. म्हणजे दोन-तीन महिन्यांचाच फरक?

मीटरखोली

हो, कारण पॅनल कमी झाले तरी इन्व्हर्टर, लोखंडी सांगाडा, अर्थिंग, मीटर, मजुरी आणि अर्जाची धावपळ त्या प्रमाणात कमी होत नाही. चार पॅनल काढल्यावर एका किलोवॅटचा भाव वाढला, बघा. सहा-साडेसहा वर्षांच्या आसपास तुमचं छत सगळीकडून येऊन थांबतं. वसुलीवरून आता निवड होणार नाही, एवढा पल्ला आपण गाठलाय.

पुढे बघायचं ते वसुलीनंतरची वर्षं. इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो असं धरून चाला. दोघांनी इन्व्हर्टरची वॉरंटी किती दिलीय?

कापडवाला

पहिल्याने ५ वर्षं, दुसऱ्याने १०. पॅनलची दोघांचीही १२ वर्षं, उत्पादनाची २५.

मीटरखोली

मग पहिल्यात वसुली पूर्ण व्हायच्या आधीच इन्व्हर्टरची वॉरंटी संपते. सहाव्या वर्षी तो गेला तर ६.५ वर नवीन इन्व्हर्टरचे पैसे चढले. हा फरक मला किलोवॅटमागच्या भावापेक्षा मोठा वाटतो.

आणि २५ वर्षांच्या त्या वॉरंटीवर फार भिस्त ठेवू नका. ती पॅनलच्या शक्तीची असते, तुमच्या युनिटांची नाही. युनिट हवे असतील तर बसवणाऱ्याकडून लिहून घ्या: पहिल्या वर्षी सोलरच्या मीटरवर किमान इतके युनिट, कमी पडले तर फरक तुमच्या दराने भरून देणार. ऊनच कमी पडलं असेल त्या वर्षी सूट द्यावी लागेल, तेही त्यातच लिहा. पॅनल धुणं कोणाकडे आणि किती वेळा, हेसुद्धा, नाहीतर पहिल्याच वर्षी “तुम्ही धुतलेच नाहीत” असं ऐकावं लागतं.

छतावरून

असं कोणी लिहून देत नाही हो. मी मागितलं होतं, हसून टाळलं.

कापडवाला

मी दोघांनाही कागद पाठवला. उत्तरं आली.

पहिला १५,८४० लिहून द्यायला तयार नाही. किलोवॅटमागे १,३५० लिहून देतो म्हणाला, म्हणजे १३,३६५. आपण काढलेल्या १३,००० च्या अगदी जवळ. त्याच्याच कोटेशनमध्ये १,६०० आहेत, हे दाखवल्यावर “तो जनरल आकडा असतो” म्हणाला. सावलीतल्या चार पॅनलच्या तारेचं अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्याने १०,६०० लिहून दिले, स्वतःच्या दाव्यापेक्षा पाच टक्के कमी. धुणं माझ्याकडे, महिन्यातून दोनदा, आणि मी धुतल्याचा फोटो तारखेसह ठेवायचा. उन्हाची सूट कशी मोजायची यावर आमचं अजून जमलेलं नाही. त्याला त्याच्या इन्व्हर्टरच्या अॅपमधले आकडे हवेत, मला मीटरवरचे.

आकडेमोड

युनिटसाठी मीटरच धरा. अॅपमधला आकडा इन्व्हर्टर स्वतः मोजतो, आणि तो मीटरपेक्षा थोडा वेगळा येऊ शकतो. उन्हासाठी मात्र अॅपमध्ये काहीच नसतं. त्यासाठी दोघांना मान्य असलेला एखादा बाहेरचा स्रोत आधीच ठरवून कागदावर टाका.

मीटरखोली

किंवा छतावर उन्हाचा सेन्सर लावायला सांगा. दहा किलोवॅटच्या आतल्या सिस्टिमसाठी ते परवडतं का, यावर माझं आणि आकडेमोडचं एकमत होणार नाही.

आकडेमोड

नाही होणार. ८ किलोवॅटला सेन्सर म्हणजे उगाच खर्च, आणि तो धुळीने माखला की आकडे खाली दाखवणार, म्हणजे सूट बसवणाऱ्याच्या पथ्यावर.

कापडवाला

मग मी मीटर धरतो आणि सूट सरसकट पाच टक्के ठेवायला सांगतो. म्हणजे १०,६०० च्या जागी १०,०७० पर्यंत तो जबाबदार नाही, त्याखाली गेलं तर भरून द्यायचं. उद्या सकाळी तो छतावर माप घ्यायला येतोय, तेव्हा हेच त्याच्यापुढे ठेवतो.